फळ्यावरच्या पाच ओळींचा ‘कारणांचा कागद’ कसा करायचा

सदाशिव पेठेतल्या ज्या अभ्यासिकेत मी संध्याकाळी बसते, तिथे एस.वाय.बी.एस्सी.ची एक मुलगी वही घेऊन माझ्याकडे आली. थर्मल फिजिक्सच्या लेक्चरमध्ये उंचीनुसार हवेचा दाब कसा कमी होतो त्याचं डेरिव्हेशन झालं होतं. फळ्यावर पाच ओळी होत्या आणि तिने त्या एकही अक्षर न चुकता उतरवल्या होत्या. “ताई, मला हे पाठ आहे,” ती म्हणाली, “पण दुसऱ्या ओळीतलं उणे कुठून आलं ते सांगता येत नाही.”

पाठ आहे पण सांगता येत नाही, ही अडचण डेरिव्हेशन पुन्हा पाच वेळा लिहून काढल्याने सुटत नाही. त्यासाठी प्रत्येक ओळीशेजारी ती ओळ खरी का आहे हे लिहावं लागतं. अशा पानाला मी कारणांचा कागद म्हणते. तो कसा तयार करायचा ते तिच्याच वहीतलं उदाहरण घेऊन सांगते. फळ्यावरच्या ओळी अशा होत्या:

```
pA − (p + dp)A = ρgA dz
dp = −ρg dz
pV = nRT  ⇒  ρ = pM/RT
∫dp/p = −(Mg/RT) ∫dz
p = p0 e^(−Mgz/RT)
```

कागद आणि वेळ

लेक्चर झालं त्याच दिवशी बसा. शिक्षक तोंडी जे बोलले ते वहीत नसतं. ते फक्त कानात असतं आणि दोन दिवसांत विरून जातं. कोरा फुलस्केप घ्या, आडवा धरा आणि मध्याच्या थोडं डावीकडे उभी घडी घाला. डावा भाग ओळींसाठी, उजवा कारणांसाठी. उजवा भाग मुद्दाम मोठा ठेवायचा, कारण तिथे पूर्ण वाक्यं लिहायची आहेत. जागा कमी पडली की माणूस ‘फॉर्म्युला वापरला’ एवढं लिहून मोकळा होतो.

पहिल्यांदा फळ्यावरच्या ओळी जशाच्या तशा डावीकडे उतरवा, प्रत्येकीखाली चार-पाच ओळींची मोकळी जागा सोडून. या टप्प्यावर काहीही दुरुस्त करू नका. एखादी ओळ खटकली तर शेजारी पेन्सिलने खूण करा आणि पुढे चला.

आधी अक्षरांची ओळखपरेड

कागदाच्या वरच्या भागात डेरिव्हेशनमधलं प्रत्येक अक्षर लिहून त्याचा अर्थ आणि एकक लिहायचं. हे बहुतेक जण करतात. बहुतेक जण विसरतात ती गोष्ट वेगळी आहे: यातलं कोण बदलतं आणि कोण स्थिर आहे? आपल्या उदाहरणात उंची z बदलते, आणि तिच्याबरोबर दाब p बदलतो, घनता ρ बदलते. मोलर वस्तुमान M आणि वायू स्थिरांक R बदलत नाहीत. g आणि तापमान T यांच्याबद्दल फळ्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं. त्यांच्यापुढे प्रश्नचिन्ह टाका. बदलणाऱ्या अक्षरांखाली लाल रेघ मारा, म्हणजे पुढे एखादं अक्षर इंटिग्रेशनच्या चिन्हाबाहेर आलं की ‘याला लाल रेघ होती का?’ हे लगेच दिसतं.

M चं एकक इथेच नीट लिहून ठेवा: हवेसाठी ०.०२९ किलोग्रॅम प्रति मोल. रसायनशास्त्राच्या सवयीने मुलं २९ लिहितात. त्याचं पुढे काय होतं ते आकडे घालताना दिसेल.

कृती वेगळी, कारण वेगळं

आता उजवी बाजू. पहिल्या प्रयत्नात त्या मुलीने लिहिलं होतं: ‘दोन्ही बाजूंना A ने भागलं’, ‘किंमत घातली’, ‘इंटिग्रेट केलं’. या सगळ्या कृती आहेत. काय केलं हे त्यातून कळतं, पण तसं करायची परवानगी कुठून मिळाली हे कळत नाही. कारण लिहिलंय की कृती, हे ओळखायची माझी कसोटी सोपी आहे. उजवीकडचं वाक्य वाचून ‘ही ओळ कधी खोटी ठरेल?’ याचं उत्तर मिळालं पाहिजे. ‘p ने भागलं’ यातून ते मिळत नाही. ‘दाब कुठेच शून्य नाही म्हणून p ने भागता येतं’ यातून मिळतं.

कारणांच्या जाती फार नसतात. मी समासात एकेक अक्षर लिहिते. ‘व्या’ म्हणजे व्याख्या: आपणच एखाद्या चिन्हाला दिलेला अर्थ. ‘नि’ म्हणजे निसर्गाचा नियम, जसा न्यूटनचा. ‘ग’ म्हणजे गणित. ‘गृ’ म्हणजे गृहीतक, जे आपण सोयीसाठी मानलं आणि जे खरं असेलच असं नाही. आणि ‘सू’ म्हणजे सूक्ष्म भागासाठी केलेला अंदाज, जो dz शून्याकडे नेला की तंतोतंत होतो. शेवटच्या दोघांत गल्लत करू नका. ‘सू’ ची चूक उत्तरात उरत नाही, ‘गृ’ ची चूक शेवटच्या ओळीपर्यंत सोबत येते.

ते उणे कुठून आलं

पहिल्या ओळीकडे जाऊ. इथे आधी आकृती काढायची. हवेचा एक पातळ थर, क्षेत्रफळ A, जाडी dz, खालची बाजू z उंचीवर आणि वरची z + dz वर. खालची हवा थराला वर ढकलते, वरची हवा खाली ढकलते आणि वजनही खालीच ओढतं. बाजूंचे दाब एकमेकांना समोरासमोर असतात म्हणून त्यांचा हिशेब मिटतो. हे वाक्यही उजवीकडे लिहा, फळ्यावर नसलं तरी. आता फळ्यावरच्या एका ओळीच्या तीन करायच्या:

```
1)  p(z)A = p(z+dz)A + ρgA dz
2)  p(z+dz) = p(z) + dp
3)  dp = −ρg dz
```

पहिलीचं कारण: थर स्थिर आहे, म्हणून वरच्या दिशेचं बल आणि खालच्या दिशेची बलं समान (नि). थर स्थिर आहे हे मात्र आपण मानलं (गृ). वादळात वेगाने वर चढणाऱ्या हवेला हे तसंच लागू होणार नाही. शिवाय थराच्या आत सगळीकडे घनता सारखीच धरली आहे (सू).

दुसरीचं कारण फक्त एक शब्द आहे: व्याख्या. आणि अडकायची जागा नेमकी हीच आहे. dp म्हणजे वरचा दाब वजा खालचा दाब, बस. तो धन आहे की ऋण, हे इथे ठरवायचं नाही. त्या मुलीच्या कच्च्या वहीत ‘दाब वर कमी होतो म्हणून p − dp’ असं होतं. तसं लिहिलं तर काय होतं ते मी तिला तिथेच करून पाहायला सांगितलं:

```
pA = (p − dp)A + ρgA dz
dp = ρg dz
```

उणे गायब झालं. मग उत्तर फळ्याशी जुळत नाही म्हणून माणूस शेवटी स्वतःच्या हाताने एक उणे चिकटवतो, आणि ते उणे कुठून आलं हे त्याला आयुष्यभर सांगता येत नाही. खरं तर p − dp लिहिताना तिने dp चा अर्थ बदलून ‘दाबातली घट’ असा केला होता. तसाही अर्थ चालतो, पण मग शेवटपर्यंत तोच धरावा लागतो आणि इंटिग्रेशनमध्ये तोच dp ‘दाबातला बदल’ म्हणून वापरता येत नाही. तिने उजवीकडे लिहिलेलं वाक्य मला फार आवडलं: ‘dp = वरचा − खालचा, नेहमी. चिन्ह आपण द्यायचं नाही, ते वजनामुळे आपोआप येतं.’

तिसरी ओळ मग निव्वळ गणित. दुसरी पहिलीत घातली, p(z)A दोन्हीकडून गेलं, A ने भागलं. A शून्य नाही. चौथी ओळ मी वेगळी लिहायला लावते:

```
4)  dp/dz = −ρg
```

इथे dz शून्याकडे नेलं. ‘थरात घनता सारखीच’ हा अंदाज इथे संपला, म्हणून पहिल्या ओळीतल्या ‘सू’ वरून बाण काढून तो इथे आणायचा आणि शेजारी ‘फिटलं’ लिहायचं. जिथे उधारी घेतली आणि जिथे ती फिटली, त्या दोन्ही जागा कागदावर जोडलेल्या दिसल्या पाहिजेत.

घनतेची ओळ पटकन

फळ्यावरची तिसरी ओळ म्हणजे प्रत्यक्षात तीन पायऱ्या. इथे फार थांबायचं कारण नाही.

```
5)  ρ = m/V = nM/V
6)  n/V = p/RT
7)  ρ = pM/RT
```

पाचवी व्याख्या, सहावी आदर्श वायूचा नियम (आणि हवा आदर्श वायूसारखी वागते हे गृहीतक, जे जमिनीजवळच्या दाबाला चांगलं चालतं), सातवी गणित. एकच टीप: इथला V कोणत्या हवेचा, असं विचारलं तर ‘त्या पातळ थराचा’ हे उत्तर तयार हवं. संपूर्ण वातावरणाला एकच p आणि एकच V नसतो.

जिथे गृहीतक गुपचूप शिरतं

```
8)   dp/dz = −(Mg/RT) p
9)   dp/p = −(Mg/RT) dz
10)  ∫dp/p = −(Mg/RT) ∫dz
```

आठवी: सातवी चौथीत घातली. नववी: p कुठेही शून्य नाही म्हणून भागता आलं, डावीकडे फक्त p आणि उजवीकडे z शी संबंधित सगळं. इथवर T बद्दल आपण काहीही मानलेलं नाही. तो उंचीनुसार बदलत असला तरी नववी ओळ खरीच आहे.

दहाव्या ओळीत Mg/RT हा पूर्ण गट चिन्हाबाहेर आला. वर टाकलेली दोन प्रश्नचिन्हं आठवा. g आणि T स्थिर धरल्याशिवाय हे करताच येत नाही, आणि फळ्यावर मात्र त्याबद्दल अवाक्षर नव्हतं. शिक्षक बहुधा तोंडी ‘आयसोथर्मल’ म्हणून पुढे गेले असतील. अख्ख्या डेरिव्हेशनमधलं सगळ्यात कच्चं गृहीतक सगळ्यात निरुपद्रवी दिसणाऱ्या ओळीत बसलेलं असतं, असं मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. इंटिग्रेशनच्या चिन्हातून काहीही बाहेर आलं की थांबायचं आणि लाल रेघ तपासायची.

नुसतं ‘g, T स्थिर’ लिहून सोडू नका, ते कितपत खरं आहे तेही आकड्यात लिहा. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच आहे. पृथ्वीची त्रिज्या ६३७१ किलोमीटर, त्यामुळे एवढ्या उंचीवर g मधला फरक सुमारे ०.०२ टक्के येतो. तो विसरला तरी चालतो. तापमान मात्र सरासरीने किलोमीटरला ६.५ अंश उतरतं, म्हणजे ५६० मीटरला सुमारे ३.६ अंश, ३०० केल्विनच्या मानाने १.२ टक्के. दोन्ही गृहीतकं एकाच ओळीत असली तरी दुसरं पहिल्याहून कितीतरी कमकुवत आहे.

दहावीला लिमिट लिहायची राहिली होती. z शून्य असताना दाब p0, z असताना p. लिमिट न लावता ‘+ C’ घेतलं तरी उत्तर येतं, पण मग ln p असं लिहावं लागतं आणि एकक असलेल्या राशीचा लॉग म्हणजे काय, हा नवा प्रश्न उभा राहतो. लिमिट लावली की आपोआप गुणोत्तर येतं:

```
11)  ln(p/p0) = −Mgz/RT
12)  p = p0 e^(−Mgz/RT)
```

जे कारण सापडत नाही त्याचं काय

रिकामी जागा रिकामीच ठेवायची, पण तिथे प्रश्न नेमका लिहायचा. ‘ओळ ४ समजली नाही’ असं घेऊन शिक्षकांकडे गेलात तर ते पूर्ण डेरिव्हेशन पुन्हा फळ्यावर लिहून देतील आणि तुम्ही पुन्हा तिथेच असाल. ‘दहाव्या ओळीत T बाहेर काढलं, ते स्थिर धरलंय का, आणि किती उंचीपर्यंत चालेल?’ असं विचारलं की दोन मिनिटांत उत्तर मिळतं. अंदाजाने लिहिलेलं कारण पेन्सिलने लिहा आणि खात्री झाल्यावरच त्यावर पेन फिरवा.

आकडे घालून पाहणं

कागदाच्या तळाशी तीन तपासण्या लिहायच्या. पहिली एककांची: Mgz आणि RT दोन्ही जूल प्रति मोल, म्हणून घातांकाला एकक उरत नाही. दुसरी टोकाची: z शून्य केलं तर p बरोबर p0, z वाढत गेला तर दाब शून्याकडे जातो पण ऋण होत नाही. तिसरी तपासणी आपल्या गावाची.

RT/Mg ला उंचीचं एकक आहे. T ३०० केल्विन धरला तर ते सुमारे ८७८० मीटर येतं. पुण्याच्या ५६० मीटरला घातांक −०.०६४, म्हणजे गुणोत्तर ०.९३८. समुद्रसपाटीला १०१३ हेक्टोपास्कल धरले तर पुण्यात सुमारे ९५० हवेत. M च्या जागी २९ घातलं असतं तर तीच उंची ८.८ मीटर आली असती, म्हणजे इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर हवा तळमजल्याच्या सदतीस टक्के. असं उत्तर आलं की चूक एककात आहे हे लगेच कळतं.

इथे ती मुलगी थबकली, कारण मोबाइलवरच्या हवामानाच्या अॅपमध्ये पुण्याचा दाब हजाराच्या वर दिसत होता. सूत्र चुकलं का? नाही. हवामानाच्या नकाशांवर आणि अॅपमध्ये दाखवतात तो दाब बहुधा समुद्रसपाटीला आणून सांगितलेला असतो, नाहीतर डोंगराळ भाग कायम कमी दाबाचा पट्टा दिसला असता. म्हणजे तिथे आपलंच सूत्र उलटं वापरलेलं असतं, हाती p असताना p0 काढायला. ज्या मोबाइलमध्ये दाबाचा सेन्सर असतो, त्यात सेन्सरचं थेट वाचन पाहिलं तर ते ९५० च्या आसपास मिळतं, ऋतूप्रमाणे थोडं खालीवर. अॅपमधला आकडा आणि सेन्सरचा आकडा, दोन्ही तिने बाराव्या ओळीशेजारी लिहून ठेवले.

एक गृहीतक काढून पाहा

कागद पूर्ण झाला का, हे ठरवायला दोन गोष्टी करायच्या. एक, उजवी बाजू घडी घालून झाका आणि डावीकडच्या प्रत्येक ओळीचं कारण मोठ्याने सांगा. अभ्यासिकेत मोठ्याने बोलता येत नाही, तर जिन्यात जाऊन सांगा. अडकलात ती ओळ फोडून तिच्या अजून दोन करायच्या.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. तळाशी ‘गृ’ ची यादी ओळ क्रमांकांसकट लिहा: हवा स्थिर (१), आदर्श वायू (६), g आणि T स्थिर (१०). आता त्यातलं एक काढून टाका आणि डेरिव्हेशन नेमकं कुठून बदलतं ते पाहा. आम्ही T काढला. तापमान T0 − Lz असं उतरतं असं धरलं, L म्हणजे मीटरला ०.००६५ केल्विन. पहिल्या नऊ ओळींना हात लावावा लागला नाही. फक्त दहावीत T आतच राहिला:

```
10')  ∫dp/p = −(Mg/R) ∫dz/(T0 − Lz)
12')  p = p0 (1 − Lz/T0)^(Mg/RL)
```

घातांक सुमारे ५.२६ येतो. L शून्याकडे नेला तर हेच सूत्र पुन्हा जुन्या बाराव्या ओळीवर येतं; ते तिने स्वतः करून पाहिलं.

मग दोन्ही सूत्रं शेजारी ठेवून आकडे काढले. सिंहगडाची उंची १३१२ मीटर धरली तर जुनं सूत्र ८७२ हेक्टोपास्कल देतं आणि नवं ८७०. फरक जेमतेम दोन. एव्हरेस्टसाठी, ८८४९ मीटरला, जुनं ३७० देतं आणि नवं ३३१. १९८१ साली शिखरावर प्रत्यक्ष मोजलेला दाब २५३ मिलीमीटर पारा होता, म्हणजे सुमारे ३३७ हेक्टोपास्कल. तिने दहाव्या ओळीच्या उजवीकडे ‘g, T स्थिर’ खोडलं नाही, त्यापुढे फक्त लिहिलं: ‘सिंहगडापर्यंत चालतं, एव्हरेस्टला नाही.’